'सॅलरी बँड'ला मराठीत काय लिहायचं?

केतकी_एचआर: कारखान्यात सगळ्यांना पगाराचं पत्रक द्यायचंय, कोणाची ग्रेड कुठली आणि त्या ग्रेडचा बँड किती एवढंच, कोणाचं नाव नाही की कोणाचा आकडा नाही. ग्रेड 3 चा बँड महिना 22 ते 32 हजार. मसुद्यात मी 'वेतनश्रेणी 22,000-32,000' लिहिलं आणि एका मशीन ऑपरेटरने विचारलं, मॅडम म्हणजे दरवर्षी वाढत वाढत 32 होणार ना? आता काय लिहू?

जुना_हेडक्लार्क: त्याचं काय चुकलं? वेतनश्रेणी म्हटलं की आमच्या डोळ्यासमोर चौथ्या वेतन आयोगातलं वरिष्ठ लिपिकाचं 1200-30-1560-ईबी-40-2040 येतं. वर्षाला 30 रुपये, बारा वर्षांनी 1560, मग साहेबाने ईबी म्हणजे दक्षतारोध ओलांडू दिला की 40-40. पायऱ्या छापलेल्याच असायच्या. तुमच्या बँडला पायऱ्याच नाहीत, नुसता तळ आणि छत.

शब्दवेल्हाळ: श्रेणी म्हणजेच मुळात शिडी, संस्कृतात निःश्रेणी. बँडसाठी 'वेतनपट्टा' आहे की सरळ!

बाप्पा_नाशिक: पट्टा म्हटलं की आमच्याकडे सातबारा काढतात हो :)

जुना_हेडक्लार्क: शिडी निःश्रेणी, नुसती श्रेणी म्हणजे रांग. असो. सहाव्या आयोगात 5200-20200 आलं तेव्हा सगळे बँड आणि ग्रेड पे असंच म्हणायला लागले, पट्टा कोणी म्हटलं नाही.

मीच_ती: माझ्याबरोबर लागलेल्या मुलाला जास्त मिळतं असं वाटतं, मग हे पत्रक मागितलं तर त्याचा पगार कळेल का?

केतकी_एचआर: नाही, ते कळू नये म्हणूनच बँड. तुम्हाला फक्त तुमची जागा कळते, म्हणजे 22 ते 32 मध्ये 24 मिळत असेल तर तुम्ही बँडच्या तळापासून 20 टक्क्यांवर.

आकडेमोड: पण ग्रेडची सरासरी टाकू नका हां. वरच्या ग्रेडला दोघंच असतील तर सरासरी दुप्पट करून त्यातनं स्वतःचा पगार वजा केला की दुसऱ्याचा हातात. आणि बँडची टोकं आत्ताच्या लोकांच्या कमीतकमी जास्तीतजास्त पगारावरून काढली असतील तरी तेच, दोघांतला एक तळ आणि दुसरा छत. टोकं बाजारभाव बघून आधी ठरवलेली पाहिजेत.

केतकी_एचआर: अरे बापरे, ग्रेड 7 ला दोघंच आहेत आणि आकडे मी त्यांच्याच पगारावरून घेतलेत.

शब्दवेल्हाळ: 'वेतनकक्षा' चालेल का?

बाप्पा_नाशिक: त्यापेक्षा लिहा ना 'या ग्रेडला पगार 22 ते 32 हजारांच्या मधे ठरतो, दरवर्षी आपोआप वाढत नाही'.

शब्दवेल्हाळ: वाक्य झालं ते, शब्द कुठाय? आणि पगार तर पोर्तुगीज.

जुना_हेडक्लार्क: पोर्तुगीज असला तरी एक तारखेला व्हायचा आमचा.