सातव्या मजल्यावर प्रेशर नाही, व्हीएफडीवाला बूस्टर लावावा का? मदत हवी आहे

राजेहो, आमची मनीषनगरात सात मजली बिल्डिंग आहे, जुनी पद्धत, संपमधून पंपाने गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवायचं अन् तिथून आपोआप खाली. खालच्यांना झकास, पण सातव्यावर शॉवर नुसता टिपटिपतो, कारण टाकीचा तळ शॉवरच्या जेमतेम तीन मीटर वर, म्हणजे 0.3 बार.

सेल्समन म्हणते टाकी सोडा, संपवरच व्हीएफडीवाला कॉन्स्टंट प्रेशर सेट लावा, लाईट बिल वाचते. मले पटलं नाही बाप्पा. जुना पंप टाकी भरून बंद होतो, हा तर कोणी नळ उघडला की सुरू, मग बचत कुठून? अन् सातव्यावर 2 बार द्यायचे तर तळमजल्यावर उंचीचे अजून 2 मिळून 4 च्या वर जाणार, तिथं पीआरव्ही लागतीलच ना? लाईट गेली की अख्खी बिल्डिंग कोरडी, ते वेगळंच.

माझा विचार असा की टाकी राहू द्यायची, वरच्या दोन मजल्यांची लाईन वेगळी करून तिथंच छोटा बूस्टर, अन् बाजूने एनआरव्हीवाला बायपास, म्हणजे लाईट नसली तरी टिपटिप का होईना येईल.

पण बाजूच्या बिल्डिंगचा असाच पंप रात्री कोणी पाणी वापरत नसताना दर दोन मिनिटांनी घुर्र करतो. हे गळक्या फ्लशमुळे, एनआरव्हीमुळे, की छोट्या प्रेशर टँकमधली हवा गेल्यामुळे? आमच्या कोटेशनमध्ये तो टँकच नाही. कोणी असं बसवलं असेल तर सांगा, टँक किती लिटरचा घेतला अन् हवा किती ठेवता?