मदत हवी आहे: फोनवर कोड स्वीकारला जातो, पण टीव्हीवर साइन-इन होत नाही

आईबाबांसाठी नवा स्मार्ट टीव्ही लावतोय. एका स्ट्रीमिंग अ‍ॅपमध्ये टीव्हीवर कोड येतो, तो फोनच्या ब्राउझरमध्ये टाकला की ‘डिव्हाइस जोडले’ असं दिसतं. टीव्ही मात्र कोडच्याच पानावर थांबतो आणि थोड्या वेळाने नवा कोड दाखवतो. म्हणजे कोडची मुदत संपलेली नाही, टाइप करण्यातही चूक नाही. फोनचा होकार टीव्हीपर्यंत पोहोचतच नाही, असं वाटतं.

टीव्हीची तारीख मागची होती. घड्याळ चुकीचं असलं की सुरक्षित जोडणी नाकारली जाते, म्हणून वेळ ‘ऑटोमॅटिक’वर ठेवली. त्यानंतर बाकीची अ‍ॅप्स सुरू झाली, हे एक तेवढं अडून आहे.

कास्टिंगही आधी होत नव्हतं. फोन राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर होता, आणि तिथे उपकरणं एकमेकांना दिसत नाहीत. दोन्ही मुख्य वाय-फायवर आणल्यावर टीव्ही लगेच सापडला. पण आईला फोनशिवाय, रिमोटनेच लावता यायला हवं.

आता फक्त या अ‍ॅपचा डेटा पुसून पाहू, की आधी टीव्हीचं सॉफ्टवेअर अपडेट करू? फॅक्टरी रीसेट शक्यतो नको, सगळी साइन-इन पुन्हा करावी लागतील. आणि खात्यातली डिव्हाइसची मर्यादा भरली असेल तरी असंच होतं का?