बेटिंग साइटवर 40 हजार अडकलेत. लायसन्स खरं आहे का कसं बघायचं?

उद्यमनगरचा_टर्नर:
नमस्कार मंडळी. उद्यमनगरात छोटं लेथचं वर्कशॉप आहे माझं. लाज वाटते, पण सांगतो. एका बेटिंग साइटवर चार वेळा मिळून 9,000 भरले. मध्ये एकदा 1,500 काढून बघितले, दहा मिनिटांत आले, म्हणून विश्वास बसला. आता बॅलन्स 46,200 दाखवतंय. 40,000 काढायला टाकलेत, त्याला अकरा दिवस झाले, 'पेंडिंग' हलत नाही. आधी केवायसी मागितली. आधार, पॅन, पासबुक, हातात आधार धरून सेल्फी, सगळं दिलं. मग म्हणाले फोटो अस्पष्ट आहे. पुन्हा दिला. आता व्हॉट्सअ‍ॅपवरचा 'मॅनेजर' म्हणतो 30 टक्के टॅक्स, म्हणजे 12,000, आधी भरा, लगेच पैसे सुटतील. साइटच्या तळाशी Curaçao 8048/JAZ लिहिलंय. हे लायसन्स खरं आहे का? आणि पैसे निघायला एवढा वेळ लागतो का?

रंकाळ्याचा_वारा:
भावा, टेन्शन घेऊ नको. क्रिकेट हा कौशल्याचा खेळ, कोर्टानं कधीच सांगितलंय. कुराकाओचं लायसन्स जगभर चालतं. केवायसीला वेळ लागतोच, माझ्या मेव्हण्याला तीन आठवडे लागले होते. फक्त ते 12,000 भरू नको, त्यातून वजा करा म्हणावं.

चंदू_गंगावेस:
माझंपण सेम! फॅन्टसी अ‍ॅपच्या वॉलेटमध्ये 740 रुपये होते. 2025 च्या ऑगस्टमध्ये कायदा आला, अ‍ॅपनं पैशाचे सामने बंद केले, पण वॉलेटमधले पैसे काढता आले. दोन दिवसांत आले खात्यावर. तुम्ही अ‍ॅप अपडेट करून बघा.

माल्टारिटर्न:
चंदू, तुमचं अ‍ॅप भारतातली नोंदलेली कंपनी होती. यांचं प्रकरण वेगळं आहे.

मी माल्टामध्ये एका परवानाधारक कंपनीत कागदपत्रं तपासायच्या टेबलावर होतो, आता कसबा बावड्याला परत आलोय. टर्नर, आधी लायसन्स. 8048/JAZ हा नंबर खोटा नाही, शिळा आहे. कुराकाओत पूर्वी मोजके मुख्य परवाने होते आणि त्यांच्या आडोशाला शेकडो साइट चालायच्या, म्हणून हा एकच नंबर असंख्य ठिकाणी दिसतो. 24 डिसेंबर 2024 पासून तिथं नवा कायदा आहे, ती पद्धत संपली. आता खऱ्या साइटवर एक शिक्का असतो आणि तो दाबला की नियामकाच्या स्वतःच्या पत्त्यावर पान उघडतं. त्यावर कंपनीचं नाव आणि वेबसाइटचा पत्ता असतो. तुमच्या ब्राउझरमधला पत्ता त्याच्याशी अक्षर न अक्षर जुळला पाहिजे. नावाच्या शेवटी आकडा बदलत राहणाऱ्या साइट असतात ना, त्या इथंच अडकतात.

ब्रिटनचं लायसन्स सांगणारे भेटले तर तिथल्या गॅम्बलिंग कमिशनची सार्वजनिक नोंदवही आहे, माल्टाचीही आहे. साइटनं दिलेली लिंक न दाबता स्वतः तिथं जाऊन शोधायचं.

आणि वारा भाऊ, कौशल्य-नशीब हा वाद जुना झाला. 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैसे लावून खेळायचा कुठलाही खेळ, कौशल्याचा असो वा नशिबाचा, पुरवायलाच बंदी आहे. त्यामुळं कुराकाओचा कागद शंभर टक्के खरा निघाला तरी भारतात त्याचा उपयोग शून्य.

उद्यमनगरचा_टर्नर:
शिक्का दाबून बघितला. काहीच उघडत नाही, नुसता फोटो आहे. पण दादा, केवायसीला वेळ लागतो हे तर खरं ना?

माल्टारिटर्न:
लागतो, पण असा नाही. आमच्याकडं कागद एक ते तीन दिवसांत बघून व्हायचे, त्यानंतर बँकेचे काही दिवस. उशिराची खरी कारणं साधी असतात. पासबुकावर वडिलांचं नाव मध्ये आहे आणि खात्यावर नाही, पत्त्याचं बिल जुनं आहे, किंवा पैसे भरले बायकोच्या खात्यातून आणि काढतोय स्वतःच्या. अशा वेळी नेमकं काय चुकलं ते आम्ही लिहून कळवायचो. तुम्हाला 'अस्पष्ट' एवढंच सांगितलं, नवा फोटो घेतला आणि विषयच बदलला. तिथं समजायचं. ब्रिटनमध्ये तर 2019 पासून नियम आहे की जी ओळख आधी मागता आली असती ती पैसे काढताना अडवून मागायची नाही.

आता टॅक्स. 30 टक्के हा दर खरा आहे, म्हणूनच माणूस फसतो. पण तो कापून घेतात, वर भरायला सांगत नाहीत, आणि कापलेला तुमच्या पॅनवर टॅक्सच्या नोंदीत दिसतो. दुसरं, तो निव्वळ जिंकलेल्या रकमेवर असतो. तुम्ही आजवर काढले 1,500 आणि आता 40,000, भरले 9,000. म्हणजे 32,500 वर 9,750 होतात. यांनी सरळ 40,000 वर 12,000 लावले. ज्याला टॅक्स भरायचाच नाही तो हिशोब कशाला करेल? 12,000 भरलेत की पुढं 'खातं अनफ्रीझ करायची फी' येईल.

बोनस घेतला होता का?

उद्यमनगरचा_टर्नर:
हो, 5,000 भरल्यावर 5,000 बोनस. वीसपट खेळा असं काहीतरी होतं.

माल्टारिटर्न:
दहा हजाराच्या वीसपट म्हणजे दोन लाखांच्या पैजा, त्याआधी काढता येत नाही. ही अट खऱ्या साइटवरही असते आणि लोक वाचत नाहीत. पण ती आडवी येत असती तर त्यांनी आधी तीच दाखवली असती.

वीणाताई_शाहूपुरी:
मी बँकेत एकतीस वर्षं काढली. मला वेगळीच काळजी वाटते. टर्नर, तुम्ही पैसे भरले तेव्हा यूपीआयवर कुणाचं नाव आलं? आणि ते 1,500 कुणाच्या खात्यातून आले?

उद्यमनगरचा_टर्नर:
प्रत्येक वेळी वेगळं नाव ताई. एकदा कुठलं तरी किराणा स्टोअर, एकदा कुणी बाई. 1,500 एका ट्रेडर्सकडून आले.

वीणाताई_शाहूपुरी:
हीच भाड्यानं घेतलेली खाती. दुसऱ्या कुणाला फसवून आलेला पैसा त्याच खात्यातून तुमच्याकडं वळवतात. तो फसलेला माणूस सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर तक्रार करतो, पोलीस पैशाचा माग काढतात आणि साखळीतल्या खात्यांवर होल्ड लागतो. दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांनी लावलेला होल्ड काढायला आमच्या ग्राहकांना महिने लागलेले बघितलेत. कधी फक्त तेवढी रक्कम अडवतात, कधी पूर्ण खातं. ते 40,000 आले नाहीत हे एका अर्थी बरंच.

12,000 भरू नका. 1930 वर किंवा cybercrime.gov.in वर तुम्हीच आधी तक्रार टाका, व्यवहाराचे नंबर आणि त्या चॅटचे स्क्रीनशॉट जोडा. आधारचा सेल्फी गेलाय, म्हणून बायोमेट्रिक लॉक करा आणि sancharsaathi.gov.in वर तुमच्या नावानं किती सिम आहेत ते बघा.

रंकाळ्याचा_वारा:
पण ताई, तक्रार केली तर जुगार खेळला म्हणून यालाच आत घेतील की!

वीणाताई_शाहूपुरी:
2025 च्या कायद्यात शिक्षा चालवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आणि पैशाची वाट करून देणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. महाराष्ट्राचा 1887 चा जुगार कायदा मात्र अजून आहे. त्यावर वकिलाशी बोललेलं बरं, मी खात्री देणार नाही.

माल्टारिटर्न:
9,000 परत मिळतील असंही समजू नका. तक्रार ताजी असेल तर खात्यात उरलेलं अडवता येतं, अकरा दिवसांनी तिथं काय उरलं असणार.

उद्यमनगरचा_टर्नर:
चॅटचे फोटो काढून ठेवले. तो मॅनेजर आत्ताच 12,000 वरून 8,000 वर आला, म्हणे तुमच्यासाठी स्पेशल. टॅक्समध्ये घासाघीस पहिल्यांदाच बघतोय. पण ताई, खरा घोळ वेगळाच. ते 1,500 वर्कशॉपच्या करंट खात्यात आलेत आणि शनिवारी त्याच खात्यातून चार पोरांचा पगार द्यायचाय.

वीणाताई_शाहूपुरी:
मग उद्या दहा वाजता ब्रँचला जा. व्यवहार दाखवून लेखी अर्ज द्या, पोच घ्या. पगाराची रक्कम काढू देतील का हे तिथल्या मॅनेजरवर आहे. सोबत तक्रारीची प्रत न्या.