पानशेत पुराच्या चित्रफितीसाठी जुने कौटुंबिक फोटो

«१९६१ च्या पुरावर चित्रफीत करतो आहे. शेजारच्या आजींनी अल्बममधले फोटो वापरायला तोंडी होकार दिला आहे. तेवढा पुरेल का?»

फोटो कोणी आणि कशासाठी काढला, यावर ते अवलंबून आहे. घरच्यांनी पैसे देऊन स्टुडिओत काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसल्यास, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार काढवून घेणाऱ्याचा असतो. त्यांच्या पश्चात तो सर्व वारसांकडे जातो, म्हणून केवळ अल्बम आजींच्या कपाटात आहे एवढ्यावर विसंबू नये. पडलेल्या वाड्याचा फोटो एखाद्या वृत्तपत्राच्या छायाचित्रकाराने काढून नंतर प्रत दिली असेल, तर मात्र आजींकडे केवळ कागद आहे, हक्क नाही. त्यामुळे फोटोची मागची बाजूही स्कॅन करावी, कारण स्टुडिओचा शिक्का बहुधा तिथेच सापडतो. पुरात भिजून काचेला चिकटलेला फोटो सोलू नये, काचेवरूनच टिपावा.

परवानगी लेखी घ्यावी आणि तीत प्रत्येक फोटोचा क्रमांक, यूट्यूबवरील प्रसारण आणि नाव द्यायचे की नाही हे स्पष्ट लिहावे. मुलाखतीची संमती वेगळी असावी.

मुलाखतीत १२ जुलै ही तारीख विचारण्यात अर्थ नाही, ती सर्वांना पाठ असते. त्याऐवजी फोटो हातात देऊन पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले होते, हे विचारावे. (माझ्या अनुभवात दोन बहिणींनी दोन वेगळ्या पायऱ्या सांगितल्या, मी दोन्ही ठेवल्या.)