गोदामातले रोबो: एनपीव्ही खरंच सहा कोटी?

संध्या_पुरवठा: भिवंडीत ऑनलाइन विक्रीचं गोदाम आहे. रोज सरासरी ४०,००० नग उचलले जातात आणि मागणी वर्षाला १५ टक्के वाढतेय. रॅक उचलून माणसापाशी आणणाऱ्या रोबोंचा प्रस्ताव आलाय. खर्च १० कोटी, पहिल्या वर्षी मजुरीत २ कोटींची बचत, देखभाल आणि सॉफ्टवेअरचे वर्षाला ५० लाख (ठरीव करार), पाचव्या वर्षाअखेर बॅटऱ्या व कंट्रोलर बदलायला १.२ कोटी. मजुरी ७ टक्क्यांनी वाढते असं धरलंय. ८ वर्षं, पुढचे पैसे आजच्या किमतीत आणायचा दर १३ टक्के, शेवटी भंगार शून्य. विक्रेत्याच्या शीटवर एनपीव्ही, म्हणजे आजच्या किमतीत खर्च वजा जाता उरणारा फायदा, ६.३९ कोटी आहे. विश्वास ठेवावा का?

भिवंडीकर: ठेवा. दिवाळीच्या सेलमध्ये माणसं मिळत नाहीत. गावी गेलेला पिकर छटपूजेनंतरच परततो. रोबो गावी जात नाही. शिवाय मजुरी ७ टक्केच वाढेल हे कोणी सांगितलं? शीट उलट सावध आहे.

ताळेबंद: बेरीज-वजाबाकी बरोबर आहे, मी जुळवून पाहिली. गडबड बचतीच्या ओळीत आहे. मजुरी ७ आणि नग १५ टक्के म्हणून शीटमध्ये बचत दरवर्षी २३ टक्के वाढते, आणि ती आठव्या वर्षी ८.५४ कोटींवर जाते. पण या संचाची क्षमता किती? संध्याताई, प्रस्तावात ती दिलेली असेल.

संध्या_पुरवठा: रोज ६०,००० नग, दोन पाळ्यांत.

ताळेबंद: मग ४०,००० चे चौथ्या वर्षी ६०,८०० होतात. संच तिथेच भरला. त्यापुढचा प्रत्येक नग माणूसच उचलणार, म्हणजे त्यावर बचत नाही. चौथ्या वर्षापासून नगांची वाढ थांबवून फक्त मजुरीवाढ चालू ठेवली की एनपीव्ही २.८८ कोटींवर येतो. साडेतीन कोटी नुसते कागदावर होते.

आणि ६०,००० हा आकडा प्रत्येक स्टेशनवर, म्हणजे रॅकमधून नग काढायच्या जागी, प्रत्येक मिनिटाला माणूस आणि रॅक दोन्ही हजर असतील असं धरून काढलेला असतो. नवा माल रॅकमध्ये भरायलाही तेच रोबो लागतात, हे बरेचदा विसरलं जातं. ऑर्डरही दिवसभर सारख्या येत नाहीत. गाडी सुटायच्या आधीच्या दोन-तीन तासांत त्यांची झुंबड असते आणि सकाळी स्टेशनं रिकामी. मी ८० टक्के धरेन, म्हणजे ४८,०००. तशाने संच तिसऱ्याच वर्षी भरतो आणि एनपीव्ही ६६ लाख उरतो. पहिले सहा महिने बसवण्यात आणि शिकण्यात गेले तर पहिल्या वर्षाची १ कोटी बचत बुडते. आजच्या किमतीत ते ८८-८९ लाख, म्हणजे एनपीव्ही उणे २२-२३ लाख.

कोपऱ्यातला_सीए: यात घसारा कुठे आहे? १० कोटी भागिले ८, दरवर्षी सव्वा कोटी बचतीतून वजा केलेच पाहिजेत. मग तर प्रकल्प सरळ तोट्यात.

ताळेबंद: नाही. १० कोटी पहिल्या दिवशीच पूर्ण वजा केलेत, घसारा काढला तर तोच पैसा दोनदा जातो. घसाऱ्याचं काम फक्त करात आहे. यंत्रावर घटत्या शिल्लक पद्धतीने १५ टक्के, म्हणजे पहिल्या वर्षी दीड कोटी, आणि २५.१७ टक्के दराने सुमारे ३७ लाख ७५ हजार कर वाचतो. मात्र संच त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला तर घसारा निम्माच मिळतो. म्हणून ऑक्टोबरच्या मध्यात बसवायला घेणं दुहेरी महाग पडतं: कर आणि सेल, दोन्ही हातचे जातात.

तुमचा मुद्दा अर्धा मात्र धरायला हवा. १३ टक्के हा करानंतरचा दर असेल, तर बचतही करानंतरचीच घ्यायला हवी. शीटमध्ये ती करापूर्वीची आहे.

छोटे_दुकान: आमच्या रोज ४०० ऑर्डर, चार माणसं पॅकिंगला. आम्ही किती रोबो घ्यावे?

भिवंडीकर: शून्य. बारकोड स्कॅनर घ्या आणि जास्त खपणारा माल पॅकिंग टेबलाजवळ आणा.

रॅक_ते_स्टेशन: ताळेबंदांनी क्षमतेची मर्यादा घातली खरी, पण ती काढताही येते. अशा संचात रोबो नंतर वाढवता येतात. तिसऱ्या वर्षाअखेर २.२ कोटींचे आणखी रोबो घेऊन प्रत्यक्ष क्षमता ४८,००० वरून ६०,००० केली आणि देखभाल १० लाखांनी वाढली असं धरा. जादा बचत चौथ्या वर्षी साडेत्र्याहत्तर लाख, आठव्या वर्षी ९६ लाख. आजच्या किमतीत खर्च १.५२ कोटी, मिळकत १.७८ कोटी. या वाढीचाच एनपीव्ही २५-२६ लाख आहे. उशिराचा खड्डा जेमतेम भरला.

पण एक गोष्ट आधी तपासा. स्टेशनवर माणूस रॅकची वाट पाहत उभा असेल तर रोबो कमी आहेत. रॅक घेतलेल्या रोबोंची स्टेशनसमोर रांग लागत असेल तर स्टेशनं कमी आहेत, आणि तिथे नवे रोबो घेतले तर रांगच लांबते. दोन आठवडे स्टेशनवरचा रिकामा वेळ सॉफ्टवेअरमधून काढा, मगच ऑर्डर द्या. आणि करारात लिहून घ्या की चार वर्षांनी येणारं नवं मॉडेल जुन्या रोबोंबरोबर त्याच नियंत्रण सॉफ्टवेअरवर चालेल. नाहीतर दोन जातींचे रोबो एका मजल्यावर भांडत बसतात.

भिवंडीकर: जमिनीवरचे कोडही लक्षात ठेवा. ते वाचून चालणारे रोबो असतील तर हातगाडीने स्टिकर खरवडला, वर पावसाळ्यातला चिखल बसला, की रोबो तिथेच थांबतो आणि मागची वाट अडते.

आणि तुम्ही सगळे फक्त मजुरीच मोजताय. रोबो नसतील तर चौथ्या वर्षी दुसरं शेड घ्यावंच लागेल. ३०,००० चौरस फूट, २२ रुपये महिना धरले तर वर्षाला ७९ लाख. चौथ्या ते आठव्या वर्षाचे आजच्या किमतीत १.९३ कोटी. ते मिळवा, मग उशीर झाला तरी प्रकल्प ठणठणीत आहे.

ताळेबंद: हा मुद्दा खरा आहे, आकडा नाही. आठव्या वर्षी मागणी १,०६,००० होते. वाढीव रोबो धरले नाहीत तर त्यातले ५८,००० नग हातानेच उचलायचे, म्हणजे आजच्या सगळ्या कामापेक्षा जास्त. शेड तेव्हाही लागणारच, ते फक्त पुढे जातं.

रॅक_ते_स्टेशन: पुढे जाण्यालाही किंमत आहे. तीन वर्षं टळलं तरी १.३० कोटी होतात.

ताळेबंद: तीन की एक, ते आराखडा पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. रोबोंचं कुंपण बांधल्यावर हाताने उचलायला उरलेली जागा किती, ते ड्रॉइंगवर मोजा. कुंपणात माणसाला फिरता येत नाही, म्हणून ती जागा दोन्हीकडे मोजायची नाही.

कोपऱ्यातला_सीए: आणि मागणी १५ ऐवजी ५ टक्केच वाढली तर?

ताळेबंद: तर ४८,००० चा आकडा पाचव्या वर्षी गाठतो. त्याच सुमारास बॅटऱ्यांचे १.२ कोटी येतात. तो हिशेब लावून पाहा. आणि त्या परिस्थितीत भिवंडीकरांचं शेड चौथ्या वर्षी लागतच नाही.

भिवंडीकर: ५ टक्के! भिवंडीतली वाहतूक बघा एकदा.

संध्या_पुरवठा: ड्रॉइंग मागवते. विक्रेत्याला ४८,००० ची हमी लेखी द्यायला सांगितलं तर देईल का?

रॅक_ते_स्टेशन: तासाला स्टेशनमागे किती नग, एवढीच हमी देतील, आणि तीही तुमची माणसं व तुमच्या मालाचे आकार ठरलेले असतील तर. त्यांच्याकडून गेल्या सहा महिन्यांच्या तुमच्याच ऑर्डरींवर सिम्युलेशन मागा, सेलचे दिवस धरून.