पुन्हा सुरुवात करायची तर नेक्रोमॅन्सर घे

> गेम संपला की लगेच परत पहिल्यापासून खेळावा वाटतो. कुठला घेऊ?

भावा, डायब्लो २ घे. राजारामपुरीत आमच्या ग्रुपमध्ये अजून हाच चालतो. आधी बार्बेरियन या लढवय्या पात्रानं संपव, मग नेक्रोमॅन्सर हा मेलेल्यांना उठवणारा जादूगार घे. नकाशाची मांडणी दर वेळी बदलते, पण खरा फरक दुसऱ्या अंकातल्या ड्युरिएल या बॉसपाशी कळतो. बार्बेरियन सरळ भिडतो. नेक्रोमॅन्सरचे सांगाडे मात्र मेलेल्या शत्रूंच्या प्रेतांतून उठतात आणि त्या अरुंद खोलीत प्रेतच नसतं. एकदा सांगाडे पडले की फौज संपली. म्हणून क्ले गोलेम, म्हणजे मातीचा पुतळा उभा करायच्या स्किलमध्ये एक तरी पॉइंट टाकून ठेव. त्याला प्रेत लागत नाही, फक्त माना म्हणजे जादूची ताकद लागते, आणि त्याचा फटका बसला की ड्युरिएल मंदावतो. गोलेम पडला की लगेच दुसरा उभा कर.