कुंडीत धणे उगवत नाहीत, मदत हवी आहे

बाल्कनीतल्या पसरट कुंडीत कोथिंबिरीसाठी धणे रगडून, दोन डाळी करून, रात्रभर भिजवून पेरले. तीन आठवडे झाले तरी कडेला चार-पाच रोपं, मधे सगळं मोकळं.

बी जुनं असेल असं वाटलं, म्हणून त्याच पुडीतल्या 20 डाळी ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवल्या. दहा-बारा दिवसांत 13 ना मोड आले. म्हणजे बी अगदी ताजं नसलं तरी मेलेलंही नाही.

मग माती उकरून पाहिली. नर्सरीतली तांबडी माती आहे, वरून पाणी घातलं की सुकल्यावर पापडासारखा थर धरते. त्या थराखाली पांढरे कोंब वाकडे होऊन अडकलेले दिसले. जे दाणे बोटाच्या दोन पेरांइतके खोल गेले होते ते मऊ पडून कुजलेत. वरचा थर कोरडा दिसतो म्हणून घरात जो तो पाणी घालतो आणि खाली चिखल होतो, हेही कारण असणार.

आता पुन्हा पेरताना अर्धा ते एक सेंटिमीटरच खोल घालणार आहे. पण वरून झाकायला काय वापरू? चाळलेलं शेणखत की कोकोपीट? कोंब दिसेपर्यंत ओलं गोणपाट टाकलं तर चालेल का, की त्याने बुरशी येते? आणि या मातीत वाळू किती मिसळावी? दुपारी कडक ऊन असतं. ज्यांनी तांबड्या मातीतच कोथिंबीर घेतली आहे त्यांनी कृपया सांगा.